मुलांचे फोटो आणि नावं संकेतस्थळावर टाकताना: पालकांच्या संमतीपासून फोटो उतरवण्यापर्यंतची पायरी न् पायरी

शाळांची आणि क्लासची संकेतस्थळं सांभाळताना एकच उलटा क्रम सतत दिसतो. कार्यक्रम होतो, ज्याच्या हातात फोन असेल तो फोटो काढतो, संध्याकाळपर्यंत अल्बम संकेतस्थळावर चढतो. मग एखाद्या पालकाचा फोन आला की प्रवेश अर्जातली ‘संस्थेला छायाचित्रे वापरण्यास हरकत नाही’ ही बारीक अक्षरांतली ओळ शोधली जाते. शेवटी फोटो पानावरून काढला जातो आणि विषय संपला असं सगळे धरून चालतात. पण फाइल तशीच सर्व्हरवर राहते आणि शोधयंत्रातही दिसत राहते.

पुढचे टप्पे त्या क्रमाला सरळ करण्यासाठी आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: सातवीच्या एका तुकडीचं विज्ञान प्रदर्शन आणि त्याचा संकेतस्थळावरचा अल्बम. बक्षीस समारंभ, सहल, निकालाचं पान यांनाही हेच टप्पे लागू पडतात.

## टप्पा 1: काय जाहीर करायचं ते आधी ठरवा

संमतिपत्र छापण्याआधी संस्थेने स्वतःचा नियम ठरवायला हवा. नियमच नसेल तर पालक नेमकी कशाला संमती देत आहेत ते त्यांनाही कळत नाही आणि तुम्हालाही नाही.

मी सगळीकडे एकच मूळ नियम सुचवतो: ओळखू येणारा चेहरा आणि नाव एकत्र जाहीर करायचं नाही. फोटो असेल तर नाव नाही, नाव असेल तर फोटो नाही. त्याचं कारण साधं आहे. संकेतस्थळावर शाळेचं नाव, पत्ता, वर्ग आणि सुटण्याची वेळ आधीच जाहीर असते. त्यात चेहरा आणि नाव जोडलं की अनोळखी माणूस त्या मुलाला कुठे, किती वाजता गाठायचं आणि कोणत्या नावाने हाक मारायची हे घरबसल्या जाणू शकतो. नावाने हाक मारणारा माणूस मुलांना ओळखीचा वाटतो, म्हणून खरा धोका या जोडणीत आहे.

निकालाच्या पानावर हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. फोटो, पूर्ण नाव, गुण आणि बॅचची वेळ, सगळं एका चौकटीत. जाहिरातीसाठी यातलं काय खरोखर लागतं ते स्वतःला विचारा. किती विद्यार्थ्यांना किती टक्क्यांच्या वर गुण मिळाले, हा आकडा नवीन पालकांना पुरेसा असतो. नाव द्यायचंच असेल तर वेगळ्या संमतीने फक्त पहिलं नाव द्या आणि त्या पानावर फोटो ठेवू नका.

> तपासा: अल्बमचं पान असं वाचा की तुम्ही त्या संस्थेला ओळखतच नाही. एका ठरावीक मुलाचं नाव, वर्ग आणि वेळ यांपैकी दोन गोष्टी चेहऱ्याशी जुळवता आल्या, तर पान जाहीर करण्याजोगं नाही.

## टप्पा 2: संमतिपत्र

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे संमतिपत्र प्रवेश अर्जापासून वेगळं हवं. प्रवेशाच्या घाईत पालक दिसेल तिथे सही करतात. ‘सही नाही तर प्रवेश नाही’ असं वाटत असताना केलेली सही ही मोकळ्या मनाने दिलेली संमती नव्हे. शुल्क, सवलत किंवा कार्यक्रमातला सहभागही या कागदाशी जोडू नका. फोटोला नकार दिलेल्या मुलाचा प्रकल्प प्रदर्शनात मांडला गेलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट, एकच ‘हो’ सगळ्यासाठी घेऊ नका. वर्गाच्या भिंतीवर लावलेला फोटो, संकेतस्थळावरचा फोटो आणि रस्त्यावरच्या फलकावरचा फोटो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पालकांना तो फरक कळतो, फक्त त्यांना तसा विचारायला हवा. एक वापरता येण्याजोगा नमुना असा:

> माझ्या पाल्याबाबत मी खालील प्रत्येक वापराला वेगवेगळं उत्तर देत आहे. (हो / नाही यांपैकी एकावर खूण करा. खूण नसेल तर उत्तर ‘नाही’ समजलं जाईल.)
>
> 1. संस्थेच्या आत, म्हणजे वर्गातल्या भिंतीवर किंवा फक्त पालकांना दिलेल्या छापील अंकात फोटो: हो / नाही
> 2. संकेतस्थळावर गटातला फोटो, नावाशिवाय: हो / नाही
> 3. संकेतस्थळावर एकट्याचा फोटो, नावाशिवाय: हो / नाही
> 4. संकेतस्थळावर फक्त पहिलं नाव, फोटोशिवाय: हो / नाही
> 5. संस्थेच्या समाजमाध्यम पानांवर फोटो, नावाशिवाय: हो / नाही
> 6. जाहिरात, फलक किंवा माहितीपत्रकात फोटो: हो / नाही
>
> ही संमती या शैक्षणिक वर्षापुरती आहे. ती मी कधीही, कारण न देता, मागे घेऊ शकतो/शकते. त्यासाठी संपर्क: (जबाबदार व्यक्तीचं पद, दूरध्वनी, ईमेल). संमती मागे घेतल्यावर संस्थेच्या ताब्यातल्या ठिकाणांवरून फोटो दोन कामकाजाच्या दिवसांत काढला जाईल. इतरांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती संस्था परत मिळवू शकत नाही, हे मला सांगितलं आहे.

शेवटचं वाक्य गाळण्याचा मोह बऱ्याच संस्थांना होतो, कारण ते वाचून पालक बिचकतील अशी भीती वाटते. ते वाक्य ठेवाच. एकदा जाहीर झालेल्या फोटोची प्रत कुठे गेली हे कुणीच सांगू शकत नाही, आणि हे कळल्यावर दिलेलं ‘हो’ हेच खरं ‘हो’.

कायद्याचं म्हणाल तर वयाची रेषा देशागणिक बदलते. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. अमेरिकेचा मुलांच्या ऑनलाइन माहितीचा कायदा 13 वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ऑनलाइन सेवांसाठीची रेषा 16 वर्षांची असून सदस्य देश ती 13 पर्यंत खाली आणू शकतात. शाळेच्या कामात मी 18 हीच रेषा धरायला सांगतो, म्हणजे वर्गागणिक वेगळे नियम लक्षात ठेवावे लागत नाहीत. भारतीय आणि युरोपीय कायद्यांत आणखी एक समान तत्त्व आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. संमती एका खुणेने घेतली आणि मागे घ्यायला मात्र मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून अर्ज द्यायला लावला, तर ते या तत्त्वाच्या विरुद्ध होतं.

### सही पालकाचीच आहे हे कसं कळणार?

कागद मुलाच्या दप्तरातून जातो आणि दप्तरातूनच परत येतो. मधल्या मधे सही कुणी केली ते कळत नाही. ऑनलाइन फॉर्मचंही तेच, त्यात मुलगा स्वतःचाच नंबर पालकाचा म्हणून भरू शकतो. म्हणून पडताळणी फॉर्मवर लिहिलेल्या नंबरवर करू नका. प्रवेशाच्या वेळी कार्यालयात नोंदवलेल्या नंबरवर करा. त्या नंबरवर छोटा संदेश पाठवा: ‘आपल्या पाल्यासाठी 2 आणि 4 या वापरांना संमती नोंदवली आहे. चूक असल्यास कळवा.’ पालकसभेत समोरासमोर सही घेता आली तर त्याहून चांगलं.

आई-वडील वेगळे राहत असतील आणि दोघांची उत्तरं वेगळी असतील, तर ‘नाही’ धरा. नकाराचं कारण विचारू नका. काही मुलांचा ठावठिकाणा घरातल्याच एखाद्या व्यक्तीपासून लपवलेला असतो. ते कारण वर्गशिक्षिकेसमोर उघड करायला लावणं हाच त्या मुलाला धोका होऊ शकतो.

मुलालाही विचारा. पालकांनी ‘हो’ म्हटलं आणि सातवीतली मुलगी म्हणाली की हा फोटो नको, तर तो फोटो टाकू नका.

> सावध: ‘अमुक तारखेपर्यंत हरकत न कळवल्यास संमती समजली जाईल’ असा संदेश गटावर टाकणं म्हणजे संमती घेणं नव्हे. ज्या पालकांना संदेश वाचता आला नाही, त्यांची मुलंच यात उघडी पडतात.

## टप्पा 3: संमतीची यादी

संमतिपत्रं फायलीत लावून ठेवली की ती फोटो निवडणाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. त्यातून एक तक्ता तयार करा: हजेरी क्रमांक, सहा वापरांची सहा उत्तरं, पडताळणीची तारीख आणि मागे घेतल्याची तारीख. उत्तर आलं नसेल तिथे ‘नाही’ लिहा, रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना प्रत्येक जण आपल्या सोयीने वाचतो.

हा तक्ता दोन-तीन जणांच्याच हातात असावा: वर्गशिक्षिका, फोटो निवडणारी व्यक्ती आणि संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती. ‘लिंक असणाऱ्या कुणालाही दिसेल’ असा पर्याय लावून तो क्लाउडवरच्या साठवणीत ठेवू नका. कोणत्या मुलांचे फोटो टाळले जातात ही यादी फोटोंपेक्षाही नाजूक आहे.

आपल्या उदाहरणातली तुकडी 32 मुलांची आहे असं धरू. 23 पालकांनी गटातल्या फोटोला ‘हो’ म्हटलं, 5 जणांनी ‘नाही’, आणि 4 जणांचा कागद आलाच नाही. म्हणजे संकेतस्थळासाठी 9 मुलं वगळायची आहेत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे 9 हजेरी क्रमांक वर्गशिक्षिकेला आणि फोटो काढणाऱ्याला माहीत असले पाहिजेत.

## टप्पा 4: फोटो काढण्याचा दिवस

नकार असलेल्या मुलांना वेगळ्या रंगाची पट्टी किंवा ठिपका लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू नका, वर्गात ती मुलं लगेच वेगळी पडतात. त्यापेक्षा फोटो काढणाऱ्यासोबत मुलांना ओळखणारी एक शिक्षिका फिरू द्या. समूह छायाचित्रात ती 9 मुलं सहजपणे एका टोकाला उभी करा. नंतर तेवढी बाजू कापता येते आणि त्या दिवशी कुणालाच काही कळत नाही.

मुलांच्या गळ्यात किंवा छातीवर नावाची पट्टी असेल तर फोटोआधी काढायला सांगा. प्रकल्पामागच्या तक्त्यावर मुलांची पूर्ण नावं लिहिलेली असतात, म्हणून तक्ता चौकटीबाहेर राहील अशा कोनातून फोटो घ्या. हात, उपकरण, पाठमोरी मुलं, वाकून मॉडेल जोडणारी डोकी असे फोटो मुद्दाम जास्त काढा. प्रदर्शनाचा अल्बम अशा फोटोंनीच चांगला दिसतो, आणि त्यांना संमतीची अडचण जवळपास येतच नाही.

फोन संस्थेचाच वापरा. शिक्षकांच्या खासगी फोनवर काढलेले फोटो त्यांच्या खासगी खात्यात आपोआप चढतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. कार्यक्रम चालू असताना काहीही टाकू नका, सहलीला तर मुळीच नाही. मुलं आत्ता या क्षणी कुठे आहेत, हे बाहेरच्यांना कळण्याची गरज नाही.

## टप्पा 5: निवड, एका फोटोवर करून पाहू

समजा फोटोत तीन मुलं जलशुद्धीकरणाच्या मॉडेलमागे उभी आहेत. सगळे हसताहेत, प्रकाश छान आहे, आणि हाच मुखपृष्ठावर टाकावा असं सगळ्यांना वाटतं आहे. आता तो पूर्ण मोठा करून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा.

डावीकडच्या दोघांचे हजेरी क्रमांक यादीत ‘हो’ आहेत. उजवीकडच्या मुलाचा कागद आलेला नाही, म्हणजे ‘नाही’. मधल्या मुलीच्या छातीवर नावाची पट्टी राहून गेली आहे. मागे भिंतीवर वेळापत्रक आहे आणि मोठं केल्यावर शिकवणीची वेळ वाचता येते. खिडकीच्या काचेत चौथ्या मुलीचं प्रतिबिंब आहे. काच, स्टीलची भांडी, बंद संगणकाचे पडदे यांत उमटलेले चेहरे सगळ्यांच्या नजरेतून सुटतात.

आता पर्याय तीन. उजवी बाजू कापायची, त्याच मॉडेलचा दुसरा फोटो निवडायचा, किंवा चेहरा झाकायचा. मी नेहमी पहिले दोन निवडतो. तिघांत एकाच्या चेहऱ्यावर काळा चौकोन ठेवला की पाहणाऱ्याची नजर नेमकी त्याच्याकडे जाते आणि वर्गातली मुलं त्यालाच प्रश्न विचारतात. या फोटोत उजवी बाजू कापली की मूल आणि खिडकी दोन्ही जातात. वेळापत्रकावर गडद एकरंगी पट्टा टाकता येतो. नावाच्या पट्टीवर मात्र हलकं धूसर करून थांबू नका. थोडंसं धूसर केलेलं किंवा मोठ्या ठिपक्यांचं केलेलं अक्षर बऱ्याचदा ओळखता येतं. मजकूर झाकायचा असेल तर पूर्ण अपारदर्शक रंगानेच झाका.

मथळा लिहिताना पहिल्या टप्प्याचा नियम आठवा. ‘सातवीच्या विद्यार्थ्यांचं जलशुद्धीकरणाचं मॉडेल’ एवढं पुरतं. ‘डावीकडून’ असं म्हणून नावं लिहिण्याची सवय वर्तमानपत्री आहे आणि इथे ती नेमकी घातक ठरते.

> सावध: लेखन-सॉफ्टवेअरमध्ये किंवा सादरीकरणात फोटो घालून तिथेच कापला, तर कापलेला भाग फाइलमध्ये लपून राहू शकतो आणि कुणीही तो परत मोठा करू शकतं. पीडीएफमध्ये नावावर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचं नाव निवडून कॉपी करता येतं. फोटो आधी फोटो-सॉफ्टवेअरमध्ये कापा, नवी फाइल म्हणून साठवा आणि मगच कुठेही घाला. नावं झाकू नका, मूळ मजकुरातून पुसा.

## टप्पा 6: फाइल साफ करणं

फोटोत जे दिसतं त्याशिवाय फाइलच्या पोटात बरंच काही असतं. स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल तर फोनच्या फोटोत अक्षांश-रेखांश, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि फोनचं मॉडेल असतं. फोटोची छोटी प्रतही आत असते, आणि काही सॉफ्टवेअर मोठा फोटो कापतात पण ही आतली छोटी प्रत न कापलेलीच ठेवतात. म्हणजे ज्या मुलाला कापून बाहेर काढलं ते आत शिल्लक असू शकतं.

आधी फाइलच्या पोटात काय आहे ते `exiftool` या मोफत साधनाने पाहा:

```
exiftool -a -G1 -s pradarshan-04.jpg
```

मग सगळं काढून फक्त रंगाची माहिती आणि फोटोची दिशा ठेवा. दिशा काढली तर उभा फोटो संकेतस्थळावर आडवा पडतो, आणि मग वैतागून कुणीतरी मूळ फाइल जशीच्या तशी चढवतं:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -icc_profile -orientation -overwrite_original pradarshan-04.jpg
```

ही आज्ञा मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून ती नेहमी प्रतीवर चालवा. पहिली आज्ञा पुन्हा दिली की `GPS` ने सुरू होणाऱ्या ओळी आणि `ThumbnailImage` दिसता कामा नये.

फाइलचं नावही बदला. मुलाचं नाव आणि वर्ग असलेलं फाइलनाव म्हणजे फोटोला चिकटवलेली ओळख असते, कारण शोधयंत्रं फाइलचं नाव वाचतात. वर्डप्रेसवर तर फाइलच्या नावावरूनच माध्यमाचं शीर्षक बनतं आणि फाइलमध्ये मथळा असेल तर तोही आपोआप उचलला जातो. `pradarshan-04.jpg` यासारखं नाव ठेवा. दृष्टिहीन वाचकांसाठी लिहिला जाणारा पर्यायी मजकूर जरूर लिहा, पण त्यातही नाव नको: ‘दोन विद्यार्थी पाणी गाळण्याचं मॉडेल दाखवत आहेत’.

शेवटी आकार लहान करा. लांब बाजू 1200 पिक्सेल ठेवली तर पडद्यावर फोटो चांगला दिसतो, पण मागच्या रांगेतला एकेक चेहरा मोठा करून वापरण्याजोगा राहत नाही. हे काम चढवण्याआधीच करण्याला एक खास कारण आहे. वर्डप्रेस मोठ्या फोटोची 2560 पिक्सेलपर्यंतची `-scaled` नावाची प्रत पानावर दाखवतं, पण मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. पत्त्यातून `-scaled` एवढे शब्द खोडले की मूळ फोटो, त्याच्या पोटातल्या स्थानासकट, उघडतो. लहान आणि साफ केलेला फोटोच चढवला, तर मागे राहण्यासारखं काही उरतच नाही.

## टप्पा 7: चढवा, आणि बाहेरून तपासा

तपासणी प्रशासक म्हणून नाही तर परका म्हणून करायची आहे. खात्यातून बाहेर पडा किंवा ब्राउझरची खासगी खिडकी उघडा.

पहिली तपासणी: अल्बममधला एक फोटो संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यावर `exiftool` चालवा. तुमच्या संगणकावरची फाइल साफ असणं पुरेसं नाही, चढवलेली फाइल साफ हवी.

दुसरी: फोटोंच्या फोल्डरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. वर्डप्रेसवर तो `/wp-content/uploads/` असा असतो. तिथे फायलींची यादी दिसली तर अल्बममधून वगळलेले सगळे फोटोही कुणालाही एकेक करून पाहता येतात. अपाची सर्व्हरवर `.htaccess` मध्ये एक ओळ घातली की ही यादी बंद होते:

```
Options -Indexes
```

तिसरी: एखाद्या फोटोवर टिचकी मारली की त्याचं वेगळं पान उघडतं का? जुन्या वर्डप्रेस संकेतस्थळांवर प्रत्येक फोटोचं असं स्वतंत्र पान असतं आणि त्यावर शीर्षक, मथळा सगळं येतं. 6.4 या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संकेतस्थळांवर ही पानं बंद असतात, जुन्यांवर मात्र आपोआप बंद होत नाहीत.

अल्बम फक्त पालकांसाठी असेल तर तो संकेतशब्दामागे ठेवा. ‘लिंक फक्त आपल्या गटातच दिली आहे’ याने संरक्षण होत नाही, कारण लिंक पुढे पाठवायला एक सेकंद पुरतो. संकेतशब्दाच्या बाबतीतही एक मर्यादा लक्षात घ्या: वर्डप्रेसचा पानाचा संकेतशब्द पान झाकतो, त्यावरच्या फोटोंचे थेट पत्ते झाकत नाही. खरंच खासगी अल्बम हवा असेल तर फायलीसुद्धा प्रवेश तपासूनच देणारी व्यवस्था लागते.

## टप्पा 8: पालकांनी ‘काढा’ म्हटल्यावर

फोन आल्या आल्या दोन गोष्टी करा: यादीत तारीख लिहा आणि पालकांना कोण, कधीपर्यंत काम करणार ते सांगा. कारण विचारू नका. मग पुढच्या क्रमाने जा. क्रम बदलला तर काम वाया जातं.

1. फाइल पुसा, नुसता दुवा नको. पानातून फोटो काढल्याने फाइल सर्व्हरवरून जात नाही. वर्डप्रेसमध्ये माध्यम संग्रहात जाऊन `Delete permanently` करा. त्याने छोट्या-मोठ्या सगळ्या प्रती आणि मूळ फाइलही पुसली जाते. एफटीपीने वेगळी चढवलेली प्रत असेल तर ती हाताने पुसावी लागते.

2. तात्पुरत्या साठवणी रिकाम्या करा. संकेतस्थळाचा वेग वाढवणारे प्लगइन आणि ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून फायली पोचवणारी वितरण जाळी (सीडीएन) फोटोच्या प्रती ठेवतात. तिथून त्या पुसल्या नाहीत तर जुना फोटो पालकांना दिसतच राहील आणि तुमच्या शब्दावरचा विश्वास जाईल.

3. थेट पत्ता उघडून पाहा. फोटोच्या फाइलचा पूर्ण पत्ता खासगी खिडकीत टाका. 404 किंवा 410, म्हणजे ‘फाइल इथे नाही’, असं उत्तर यायला हवं. `-150x150`, `-scaled` अशा शेपट्या लावलेले पत्तेही तपासा.

4. त्यानंतरच शोधयंत्राकडे जा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये `Removals` या भागात त्या पानाचा आणि फोटोचा पत्ता द्या. ही लपवणूक सुमारे सहा महिन्यांची असते, म्हणून आधी फाइल खरोखर गेलेली असणं गरजेचं आहे. नाहीतर मुदत संपल्यावर फोटो परत वर येतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शोधयंत्रांनी कुठे येऊ नये ते सांगणाऱ्या `robots.txt` फाइलमध्ये त्या पत्त्यावर बंदी घालणं. बंदीमुळे शोधयंत्र तिथे येतच नाही, त्यामुळे फाइल गेली आहे हे त्याला कळत नाही आणि जुनी नोंद रेंगाळते.

पालकांना हेही सांगा की 18 वर्षांखालच्या मुलाचा फोटो गूगलच्या शोधनिकालांतून काढण्याची विनंती ते मूल, पालक किंवा पालकांचा प्रतिनिधी थेट गूगलकडे करू शकतात. फोटो दुसऱ्याच संकेतस्थळाने उचलला असेल आणि तुमच्या हातात काहीच नसेल, तेव्हा हा मार्ग कामी येतो. जुनी पानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये अल्बम सापडला, तर संकेतस्थळाचे मालक म्हणून तुम्ही `info@archive.org` वर वगळण्याची विनंती पाठवा.

5. फोटो आणखी कुठे गेला ते शोधा. मुखपृष्ठावरची सरकती चित्रं, पीडीएफ वार्षिक अंक, समाजमाध्यमांची पानं, छापखान्याला दिलेली माहितीपत्रकाची फाइल, शिक्षकांचे गट. पीडीएफमधला फोटो सगळ्यांच्या लक्षातून जातो. ती फाइल त्या फोटोशिवाय पुन्हा तयार करून चढवा आणि जुनी पुसा. सुरक्षित प्रत म्हणून ठेवलेल्या जुन्या साठ्यात फोटो राहणारच. म्हणून पुसलेल्या फायलींची एक छोटी नोंद ठेवा, आणि कधी जुना साठा परत बसवावा लागला तर त्या नोंदीतल्या फायली त्याच दिवशी पुन्हा पुसा.

6. पालकांना लेखी कळवा. कुठून काढला, कधी काढला, कुठून काढता आला नाही. शेवटचा भाग लपवू नका.

> तपासा: आठवड्याने गूगलच्या चित्रशोधात `site:` आणि पुढे जागा न सोडता संकेतस्थळाचं नाव टाकून पाहा. तो फोटो, त्याची छोटी प्रत किंवा मुलाच्या नावाचं शीर्षक दिसत असेल तर पायरी 1 पासून पुन्हा बघा. बहुतेक वेळा एखादी वेगळ्या आकाराची प्रत सर्व्हरवर राहिलेली असते.

## आधीच चढवलेल्या अल्बमांचं काय?

नवी पद्धत सुरू करताना जुने अल्बम तसेच ठेवले जातात, आणि धोका बहुतेक तिथेच साठलेला असतो. त्या मुलांची संमतिपत्रं सापडत नाहीत, काही मुलं शाळा सोडून गेली, काहींचे पालक आता संपर्कात नाहीत. संमतीचा कागद हातात नसेल तर अल्बम आजच सार्वजनिक पानांवरून उतरवा. फोटो संस्थेच्या बंद संग्रहात ठेवायचे की नाही हे नंतर शांतपणे ठरवता येईल.

सुरुवात मथळ्यात नावं असलेल्या पानांपासून करा, मग निकालाची पानं, मग एकट्या मुलाचे फोटो आणि शेवटी गटातले. दर वर्षी शैक्षणिक वर्ष संपलं की त्या वर्षाची संमती संपते, म्हणून उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात त्या वर्षीचे अल्बम उतरवायचं काम दिनदर्शिकेत लिहून ठेवा आणि त्यापुढे ते करणाऱ्या व्यक्तीचं पद लिहा. पद लिहिलेलं नसलं तर ते काम कुणाचंच राहत नाही.